मुदतपूर्व भरणा सूट

मुदतपूर्व भरणा सूट म्हणजे उधारीवर दिलेल्या मालाचे वा सेवेचे पैसे ठरलेल्या मुदतीच्या आधी, एका विशिष्ट तारखेपर्यंत चुकते केल्यास विक्रेत्याने ग्राहकाला दिलेली रकमेतील घट होय. जमाखर्चाच्या पुस्तकांत हिला रोख सूट किंवा रोख कसर असेही म्हणतात. व्यापारी सूट हिच्याहून वेगळी असते. ती मोठ्या खरेदीसाठी किंवा पुनर्विक्रेता म्हणून विक्रीच्या वेळीच किमतीतून वजा केली जाते आणि कीर्दीत स्वतंत्रपणे नोंदली जात नाही. मुदतपूर्व भरणा सुटीचा हक्क मात्र पैसे प्रत्यक्ष वेळेत आल्यावरच उत्पन्न होतो. म्हणून तिची नोंद भरण्याच्या दिवशी, विक्रेत्याचा खर्च या सदरात होते.

विक्रेता ही सूट देतो ती हातातील रोख वाढावी म्हणून. त्याला कच्चा माल, मजुरी, वाहतूक यांसाठी आज पैसे हवे असतात, आणि त्याचे स्वतःचे पैसे ग्राहकाकडे पंचेचाळीस दिवस अडकलेले असतात. व्यवहाराच्या दृष्टीने ही सूट म्हणजे विक्रेत्याने ग्राहकाकडून घेतलेले अल्पमुदतीचे कर्जच असते. सुटीची रक्कम हे त्या कर्जाचे व्याज. ही गोष्ट ध्यानात न घेता 'दोन टक्के म्हणजे फार नाही' असा हिशेब केला जातो, आणि बहुतेक घोटाळा तेथेच होतो.

वीजदेयकातील उदाहरण

या सुटीचा सर्वांत परिचित नमुना महाराष्ट्रात घरोघरी येतो. तो म्हणजे महावितरणचे वीजदेयक. अमरावती शहरातील घर असो की मेळघाटातील सेमाडोह, देयकावर तारखांना जोडलेल्या वेगवेगळ्या रकमा छापलेल्या असतात: तत्पर भरणा केल्यास द्यावयाची, देय दिनांकापर्यंत द्यावयाची आणि देय दिनांकानंतर द्यावयाची. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या वीजदर आदेशांनुसार देयकाच्या दिनांकापासून ७ दिवसांच्या आत भरणा करणाऱ्यास कर व शुल्क वगळता उर्वरित रकमेवर १ टक्का सूट मिळत आली आहे. देय दिनांक चुकल्यास १.२५ टक्के विलंब आकार लागतो. आयोगाच्या २००५ च्या वीजपुरवठा संहितेप्रमाणे घरगुती व कृषी ग्राहकांना देयकाच्या दिनांकापासून किमान २१ दिवस, तर इतरांना किमान १५ दिवस मुदत द्यावी लागे.

एक टक्का ही रक्कम किरकोळ दिसते. कर वगळून २,००० रुपयांचे देयक असेल तर २० रुपये. पण ग्राहकाने या २० रुपयांसाठी नेमके काय केले, हे पाहिले पाहिजे. तो तसाही एकविसाव्या दिवशी पैसे देणारच होता. सातव्या दिवशी दिल्याने त्याने १,९८० रुपये केवळ १४ दिवस आधी दिले. १४ दिवसांत १,९८० रुपयांवर २० रुपये हा दर वर्षाच्या हिशेबाने २६ टक्क्यांच्या वर जातो. ज्या ग्राहकाची मुदत १५ दिवसांची आहे त्याच्या बाबतीत पैसे अवघे ८ दिवस आधी येतात आणि दर ४६ टक्क्यांच्या आसपास पोहोचतो. टक्का तोच राहूनही दिवस बदलले की किंमत बदलते. सुटीचा टक्का पाहावयाचा नसतो. टक्का आणि वाचलेले दिवस एकत्र पाहावयाचे असतात.

हे देयक आणखी एका कारणासाठी अभ्यासण्याजोगे आहे. त्यात ग्राहकाला काहीच मोजावे लागत नाही. सूट किती, कशावर, कोणत्या तारखेपर्यंत, हे सर्व रुपयांत व दिनांकांत छापलेले असते. मुदत मात्र देयकाच्या दिनांकापासून मोजली जाते, ते ग्राहकाच्या हाती पडल्यापासून नव्हे. वाटपात चार दिवस गेले तर ग्राहकापाशी तीनच उरतात. जेथे कागद पोहोचण्यास वेळ लागतो, तेथे मुदत कोठून मोजावयाची हा प्रश्न सुटीच्या टक्क्याइतकाच महत्त्वाचा ठरतो.

ग्रामपंचायतींच्या घरपट्टीच्या मागणी बिलांवर आढळणारी सवलत दुसऱ्या पद्धतीची आहे. तेथे बिलापासून दिवस मोजत नाहीत. ३० सप्टेंबरसारखी एकच ठरावीक तारीख सर्वांना लागू असते. वर्षातून एकदाच येणाऱ्या मागणीला ही पद्धत सोयीची आहे, दर आठवड्याला बिले काढणाऱ्या विक्रेत्याला ती चालत नाही.

एका लहान उद्योगाचा हिशेब

चिखलदरा तालुक्यातील सेमाडोह हे सिपना नदीकाठचे गाव परतवाडा–धारणी मार्गावर आहे. समजा, तेथील एक बचत गट जंगलातील मध विकत घेऊन, गाळून, बाटल्यांत भरून बाहेरच्या दुकानांना पुरवतो. (हे उदाहरण केवळ समजुतीसाठी घेतले आहे.) मध आणून देणाऱ्यांना त्याच दिवशी रोख द्यावे लागतात. दुकानदार मात्र ४५ दिवसांच्या उधारीवर माल घेतात. हंगामात मध दारात येतो, पण तो विकत घेण्यास हातात पैसे नसतात.

गटाची महिन्याची उधारीची विक्री १,००,००० रुपये आहे आणि ग्राहक चार. परतवाड्याचा दुकानदार ३०,००० रुपयांचा माल घेतो आणि स्वभावानेच आठ-दहा दिवसांत पैसे देतो. अमरावतीचा एक दुकानदार ३०,००० चा माल घेऊन बरोबर पंचेचाळिसाव्या दिवशी देतो. अकोल्याचा २०,००० चा ग्राहकही तसाच. अमरावतीचा दुसरा, २०,००० चा, सत्तर दिवस लावतो. गटाने सर्वांना कळविले: बिलाच्या दिनांकापासून १० दिवसांत पैसे द्या, २ टक्के सूट घ्या. (हिशेब सोपा राहावा म्हणून येथे कर धरलेला नाही.)

अमरावतीच्या पहिल्या दुकानदाराने सूट घेतली. ३०,००० ऐवजी २९,४०० रुपये आले, परंतु ३५ दिवस आधी. या पैशाची किंमत ६०० रुपये, म्हणजे वर्षाला सुमारे २१ टक्के. गटाला बँकेकडून १२ टक्क्यांनी तेवढीच रक्कम तेवढ्याच दिवसांसाठी मिळाली असती तर व्याज सुमारे ३३८ रुपये झाले असते. महिना ३ टक्के घेणाऱ्या सावकाराकडून घेतली असती तर १,०२९ रुपये. येथवर पाहिले तर सूट बँकेपेक्षा महाग आणि सावकारापेक्षा स्वस्त आहे. ज्या गटाला बँक कर्ज देत नाही, त्याने ती दिली तर चुकले असे म्हणता येणार नाही.

पण परतवाड्याच्या दुकानदारानेही तीच सूट घेतली. त्याने आपल्या सवयीत काडीचाही बदल केला नाही. पूर्वी नवव्या दिवशी ३०,००० देत होता, आता नवव्या दिवशी २९,४०० देतो. त्याच्यापासून गटाला एक दिवसही मिळाला नाही, ६०० रुपये मात्र गेले. अकोल्याच्या ग्राहकाने सूट नाकारली, आणि सत्तर दिवस लावणाऱ्याकडे आधी देण्यास पैसेच नाहीत.

आता खरा हिशेब असा मांडला पाहिजे. एकूण सूट १,२०० रुपये. प्रत्यक्षात ३५ दिवस पुढे आलेला पैसा एकाच ग्राहकाचा, आणि त्यातून परतवाड्याला फुकट गेलेले ६०० वजा केल्यास २८,८००. या रकमेसाठी १,२०० रुपये म्हणजे वर्षाला ४३ टक्क्यांहून अधिक दर. सावकारही यापेक्षा स्वस्त पडला असता. सूट दिल्यावर जमा वाढलेली दिसते, म्हणून योजना यशस्वी झाली असे वाटते. पण सुटीचा भागाकार सूट घेतलेल्या सर्व रकमेने करावयाचा नसतो. जी रक्कम सुटीमुळेच आधी आली, केवळ तिनेच करावयाचा असतो. त्यासाठी योजना सुरू करण्यापूर्वी मागील तीन-चार महिन्यांची खातेवही उघडून प्रत्येक ग्राहक सरासरी किती दिवसांनी पैसे देतो, ते लिहून काढावे लागते. ती यादी हाती नसेल तर नंतर काहीच ताडून पाहता येत नाही.

अकोल्याच्या ग्राहकाने नकार का दिला, हेही समजून घेण्यासारखे आहे. ग्राहक सूट घेतो की नाही, हे त्याच्या पैशाच्या किमतीवर ठरते. त्याच्याकडे पैसा पडून असेल किंवा बँक त्याला १२ टक्क्यांनी देत असेल, तर २१ टक्क्यांची मिळकत सोडणे त्याला परवडणार नाही. तोच स्वतः महिना २ टक्क्यांनी पैसे उचलत असेल तर त्याचा दर वर्षाला २४ टक्के होतो, आणि सूट घेण्यात त्याला तोटा आहे. म्हणून ज्याचा पैसा विक्रेत्याच्या पैशापेक्षा स्वस्त आहे, अशा ग्राहकाशीच ही देवघेव दोघांच्या हिताची ठरते. दोघेही एकाच दराने कर्ज घेत असतील तर दोघांनाही पटेल असा टक्का शिल्लक राहत नाही. टक्का कमी करून पाहिले तरी हीच मर्यादा आड येते. ३५ दिवसांसाठी १ टक्का सूट म्हणजे वर्षाला साडेदहा टक्के. १२ टक्क्यांनी कर्ज काढणारा दुकानदार त्यासाठी आधी पैसे देणार नाही.

सुटीने येणारी उसंत एकदाच मिळते, ही बाब अनेकदा सुटून जाते. पहिल्या महिन्यात अमरावतीच्या ग्राहकाचे पैसे ३५ दिवस आधी येतात आणि पेटीत भर पडते. दुसऱ्या महिन्यात पुन्हा भर पडत नाही. ते पैसे पूर्वीप्रमाणेच महिन्यातून एकदा येतात, फक्त त्यांची जागा पुढे सरकलेली असते. सुटीचा खर्च मात्र दरमहा १,२०० रुपये चालूच राहतो, वर्षाचे १४,४०० होतात. पुढे योजना बंद केली की तेच ३५ दिवस परत द्यावे लागतात, म्हणजे एकदा तेवढे दिवस जमा थांबते. यामुळे मधासारख्या हंगामी व्यवसायात सूट हंगामापुरतीच देणे शहाणपणाचे आहे. बंद करण्याची तारीखही अशी निवडावी की त्यानंतर रोखीची निकड नसेल.

प्रस्तावाचे लेखन

सूट तोंडी सांगितली की ती वादाचे मूळ होते. बिलाचा दिवस धरावा की नाही, धनादेश दिलेला दिवस धरावा की वटलेला, अर्धे पैसे दिले तर अर्धी सूट मिळेल का, असे प्रश्न पैसे आल्यानंतर उपस्थित होतात आणि तेव्हा प्रत्येक जण आपल्या सोयीचे उत्तर देतो. म्हणून प्रस्ताव लेखी असावा आणि माल पाठविण्यापूर्वी ग्राहकाच्या हाती पडावा. वरील गटाने पाठवावयाच्या पत्राचा मजकूर पुढीलप्रमाणे असू शकेल:

"१ एप्रिल २०२६ ते ३० जून २०२६ या कालावधीत काढलेल्या आमच्या बिलांवर आपणांस पुढील सूट देण्यात येईल. बिलाच्या दिनांकापासून दहाव्या दिवसापर्यंत (बिलाचा दिवस न धरता) बिलाची पूर्ण देय रक्कम आमच्या बँक खात्यात जमा झाल्यास, कर वगळून मालाच्या किमतीवर २ टक्के सूट मिळेल. दहावा दिवस बँकेच्या सुटीचा असल्यास त्यानंतरचा कामाचा दिवस धरला जाईल. धनादेशाने भरणा केल्यास रक्कम खात्यात जमा झाल्याचा दिवस धरला जाईल. अंशतः भरण्यावर सूट मिळणार नाही. आपल्याकडे मुदत उलटलेली जुनी बाकी असल्यास आलेली रक्कम प्रथम त्या बाकीत जमा होईल. सूट न घेतल्यास पूर्ण रक्कम बिलाच्या दिनांकापासून ४५ दिवसांत देय राहील. सुटीची तारीख व दोन्ही रकमा प्रत्येक बिलावर लिहिलेल्या असतील. ३० जून २०२६ नंतरच्या बिलांस ही सूट लागू नाही."

या मजकुरातील शेवटून दुसरे वाक्य सर्वांत उपयोगी आहे. ग्राहकाच्या दुकानातील हिशेब पाहणारा माणूस पत्र शोधीत बसत नाही, तो समोरचे बिल पाहतो. १० एप्रिल २०२६ च्या, १०,००० रुपये किंमत व ५०० रुपये कर असलेल्या बिलावर एवढेच लिहावे: "२० एप्रिल २०२६ पर्यंत १०,३०० रुपये, त्यानंतर २५ मे २०२६ पर्यंत १०,५०० रुपये." कोणाला टक्के काढावे लागत नाहीत, दिवसही मोजावे लागत नाहीत.

सेमाडोहहून माल परतवाड्यामार्गे अमरावती वा अकोल्यास जाण्यात दोन-तीन दिवस मोडत असतील, तर माल पाहण्यापूर्वीच पैसे द्या असे सांगितल्यासारखे होते. अशा वेळी मुदत माल पोहोचल्याच्या दिवसापासून मोजणे न्याय्य वाटते. परंतु तो दिवस कोणता, यावर दोन मते होऊ शकतात. बिलाचा दिनांक कायम ठेवून १० ऐवजी १२ किंवा १३ दिवस देणे अधिक सरळ. दोन दिवस गमावले तरी तारीख वादातीत राहते.

माल फुटला वा कमी भरला अशी तक्रार आली तर सूट थांबावी की नाही, हेही आधी ठरवावे. तक्रार मुदतीत आली असेल तर वाद नसलेल्या मालाचे पैसे वेळेत आल्यास तेवढ्यावर सूट द्यावी, हा मार्ग बहुधा दोघांना मान्य होतो. तसे करावयाचे असल्यास अंशतः भरण्याच्या अटीला हा अपवाद म्हणून पत्रातच लिहावे.

कायद्याची बाजू

२००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे सूक्ष्म वा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करारात ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात, आणि ही मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपेक्षा अधिक असू शकत नाही. लेखी करार नसेल तर मुदत १५ दिवसांचीच. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज देय होते. २०२३ च्या वित्त कायद्याने त्यात आणखी एक टोचणी घातली: मुदतीत न दिलेली अशी रक्कम खरेदीदाराला प्राप्तिकरात ती प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच खर्च म्हणून दाखविता येते. वरील उदाहरणातील सत्तर दिवस लावणाऱ्या ग्राहकाला २ टक्क्यांचे आमिष दाखविण्यापेक्षा उद्यम नोंदणी क्रमांक बिलावर छापून या तरतुदीची सभ्य शब्दांत आठवण देणे अधिक फलदायी आहे. सूट लवकर देणाऱ्यासाठी असते. थकबाकीदारावर तिचा उपाय चालत नाही.

वस्तू व सेवा कराच्या दृष्टीने प्रस्तावाचा दिनांक महत्त्वाचा ठरतो. २०१७ च्या केंद्रीय कायद्याच्या कलम १५ मधील मूळ तरतुदीनुसार, पुरवठ्यानंतर दिलेली सूट करपात्र किमतीतून वजा करावयाची असेल तर ती पुरवठ्यापूर्वी वा पुरवठ्याच्या वेळी झालेल्या करारात नमूद हवी, विशिष्ट बिलांशी जोडलेली हवी, आणि खरेदीदाराने त्या प्रमाणात घेतलेली कराची वजावट परत केलेली हवी. लहान विक्रेत्याने ही खटपट टाळून, वर दाखविल्याप्रमाणे, कर पूर्ण ठेवावा आणि सूट केवळ किमतीवर द्यावी, हे सोपे.

अंमलबजावणीतील अडचणी

सर्वाधिक आढळणारी अडचण म्हणजे मुदत उलटल्यावर सूट कापून पैसे पाठविणे. २० एप्रिलची तारीख असता २८ एप्रिलला १०,३०० रुपये येतात. दोनशे रुपयांसाठी संबंध कोठे बिघडवावे, म्हणून विक्रेता गप्प बसतो. पुढच्या महिन्यात तोच ग्राहक ५ तारखेला कापून पाठवितो आणि दुसरेही त्याचे अनुकरण करू लागतात. अशा वेळी ती सूट उरत नाही, मालाची किंमतच दोन टक्क्यांनी उतरलेली असते. याची खूण खातेवहीत लवकर दिसते: बऱ्याच खात्यांवर दोनशे, सहाशे अशा सुटीएवढ्याच बाक्या साचू लागतात, आणि पैसे येण्याचे सरासरी दिवस मात्र पूर्वीइतकेच राहतात. पहिल्याच वेळी, त्याच आठवड्यात, पैसे मिळाल्याची पोच देताना 'सुटीची मुदत २० एप्रिलला संपली असल्याने २०० रुपये बाकी आहेत' एवढे एक वाक्य लिहून पाठवावे. बाकी पुढील बिलात दाखवावी.

दुसरी अडचण वर आलेल्या परतवाड्याच्या ग्राहकाची. आधीपासून वेळेवर देणाऱ्याला वगळून इतरांना सूट दिली तर एक दिवस ते त्याला कळतेच. अमरावती-अकोला पट्ट्यातील व्यापार एकमेकांना ओळखणाऱ्यांचा आहे. त्याला सूट देऊन तो खर्च हिशेबात धरावा, आणि तरीही योजना परवडते का ते पाहावे. वरील उदाहरणात ती परवडत नाही. तेथे सर्वांना पत्र पाठविण्याऐवजी अमरावतीच्या एकट्या दुकानदाराशी उधारीची मुदतच ४५ वरून ३० दिवसांवर आणण्याबद्दल बोलणे, किंवा हंगामाच्या मालासाठी त्याच्याकडून काही रक्कम आगाऊ घेणे, गटाला स्वस्त पडेल.

मोठ्या व्यवहारांतही हीच रचना आढळते. केंद्रीय विद्युत नियामक आयोगाच्या २०१९ च्या दर विनियमांत वीजनिर्मिती कंपन्यांची देयके सादर झाल्यापासून ५ दिवसांत भरणाऱ्यास १.५ टक्के आणि त्यानंतर ३० दिवसांपर्यंत भरणाऱ्यास १ टक्का सूट ठेवलेली होती. तेथे सूट एकदम शून्यावर येत नाही, पायरीने उतरते. पहिली तारीख चुकलेल्या ग्राहकालाही दुसरीपर्यंत पैसे देण्याचे कारण उरते.